जेल चालत नाही की पोटाला सवय नाही? एका मॅरेथॉनपटूच्या पोटाचं प्रकरण

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ठाण्याच्या एक ताई माझ्याकडे आल्या. वय 43, बँकेत नोकरी, पाच वर्षांपासून नियमित धावणं. अर्धमॅरेथॉन त्या आरामात करतात. त्या वर्षी जानेवारीत मुंबईत त्यांनी पहिली पूर्ण मॅरेथॉन केली आणि 33 किलोमीटरनंतर पोटाने दगा दिला. आधी मळमळ, मग पोटात कळा, एक उलटी, दोनदा शौचालय शोधावं लागलं. शेवटचे नऊ किलोमीटर बहुतेक चालतच काढले. बसल्या बसल्या त्यांनी निकाल सांगून टाकला, "मॅडम, माझ्या पोटाला जेल चालतच नाही. यंदा फक्त पाणी आणि संत्र्याच्या गोळ्यांवर धावणार."

जेल म्हणजे धावताना ऊर्जेसाठी घ्यायचं, छोट्या पाकिटात मिळणारं घट्ट, गोड द्रावण. मी खेळाडूंच्या आहाराचं काम करते. हे वाक्य माझ्या कानांवर नेहमी पडतं आणि दरवेळी मी आधी एकच गोष्ट विचारते: त्या दिवशी काय काय खाल्लं-प्यायलं, किती वाजता आणि कशाबरोबर? ताईंच्या परवानगीने त्यांचं प्रकरण इथे मांडते आहे, कारण लांब पल्ल्याला नव्याने उतरणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं.

त्या दिवशी पोटात काय गेलं

आदल्या संध्याकाळी ग्रुपबरोबर मिसळ. पहाटे दुधाचा चहा आणि दोन बिस्किटं. गुडघा कुरकुरत होता म्हणून सुरुवातीआधी आयबुप्रोफेनची एक गोळी. पहिले 21 किलोमीटर, म्हणजे अडीच तास, फक्त पाण्याचे घोट. मग थकवा वाटायला लागल्यावर पहिलं जेल. 27 ते 33 किलोमीटरच्या दरम्यान आणखी तीन. प्रत्येक जेलनंतर टेबलावर समोर दिसेल ते एनर्जी ड्रिंक, गारेगार, साधारण एक ग्लास.

आता हिशेब करू. त्यांच्या जेलमध्ये प्रत्येकी 23 ग्रॅम कर्बोदकं होती. ड्रिंक 6 टक्क्यांचं, म्हणजे 200 मिलिलिटरमध्ये 12 ग्रॅम. अशी तीन जेलं आणि तीन ग्लास मिळून पाऊण तासाच्या आत 105 ग्रॅम साखर पोटात गेली. ज्या पोटाला अडीच तास काहीच मिळालं नव्हतं आणि सरावातही कधी काही मिळालं नव्हतं, त्या पोटात. शिवाय एक जेल आणि एक ग्लास ड्रिंक मिळून पोटात जे द्रावण तयार होतं ते 17 टक्क्यांच्या आसपास जातं. धावताना 6 ते 8 टक्क्यांचं द्रावण पोटातून बऱ्यापैकी सहज पुढे सरकतं. त्याच्या दुप्पट दाट द्रावण पोटातच रेंगाळतं, आणि आतड्यात पोचलं तर स्वतःला पातळ करण्यासाठी अंगातलंच पाणी आतड्यात ओढून घेतं. मळमळ आणि जुलाब दोन्हींचा उगम इथेच आहे.

जेल साध्या पाण्याबरोबर घ्यायचं असतं, ड्रिंकबरोबर नाही, हे पाकिटावर लिहिलेलं असतं. पण 30व्या किलोमीटरला पाकीट कोण वाचतं?

वेदनाशामक गोळीचंही सांगायला हवं. धावताना रक्त पायांच्या स्नायूंकडे आणि घाम येण्यासाठी त्वचेकडे वळतं. आतड्यांचा रक्तपुरवठा जोराच्या धावण्यात खूप घटतो. अशा वेळी आतड्याचं अस्तर आधीच दुखावलेलं असतं, आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या ती इजा वाढवतात. पाण्याची कमतरता असताना मूत्रपिंडावरही त्यांचा ताण येतो. ही गोळी आम्ही पहिल्याच दिवशी बंद केली आणि गुडघ्यासाठी ताईंना फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

पोटाला शिकवता येतं म्हणजे काय

साखर आतड्यातून रक्तात आपोआप झिरपत नाही. ग्लुकोजला आत घेणारी वाहक प्रथिनं वेगळी आणि फ्रुक्टोजला आत घेणारी वेगळी, जणू एकाच भिंतीतली दोन दारं. ग्लुकोजच्या दारातून ताशी साधारण 60 ग्रॅम आत जातं. त्यापुढे कितीही ग्लुकोज ओतलं तरी दाराशी गर्दीच होते. फ्रुक्टोजचं दार वेगळं असल्यामुळे दोन्ही साखरा एकत्र दिल्या तर ताशी 90 ग्रॅमपर्यंत मजल मारता येते. आजकालच्या जेलवर माल्टोडेक्स्ट्रिन आणि फ्रुक्टोज ही जोडी दिसते ती यासाठी. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे ग्लुकोजचीच साखळी.

ग्लुकोजचं दार सोडियम बरोबर असलं तरच उघडतं. जुलाबावर आपण ओआरएस देतो त्यामागे हेच शास्त्र आहे. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले ते याच दारातून. पण ओआरएस हे धावण्याचं इंधन नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एका लिटरमध्ये ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम असतं. आमच्याकडे येणारे कितीतरी जण अख्खी मॅरेथॉन ओआरएसवर काढतात आणि 30व्या किलोमीटरला पाय का संपले ते त्यांना कळत नाही.

ही दारं वाढवता येतात. आहारात कर्बोदकं वाढली की आतडं ती वाहक प्रथिनं जास्त बनवतं, आणि जठरही गोड द्रावण लवकर पुढे ढकलायला शिकतं. जठराचा हा बदल तर काही दिवसांतच दिसू लागतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 साली धावपटूंना दोन आठवडे धावताना मुद्दाम भरपूर कर्बोदकं दिली, तेव्हा पोटाच्या तक्रारी लक्षणीय कमी झाल्या. उलट बाजूही तितकीच खरी आहे. जो कर्बोदकं टाळतो त्याचं आतडं ती घेण्याची क्षमता गमावत जातं.

इथे ताईंच्या प्रकरणाचा एक धागा सापडला. वजनासाठी त्यांनी वर्षभर रात्रीचा भात आणि पोळी बंद केली होती आणि रविवारची लांब धाव उपाशीपोटी करायची असा नेम होता. म्हणजे पोटाला साखर न घेण्याचाच सराव चालला होता, आणि शर्यतीच्या दिवशी त्याच पोटाकडून सगळ्यात मोठ्या कामाची अपेक्षा. पहिला बदल म्हणून रात्रीचा भात परत आणला आणि लांब धावेच्या आधी दोन केळी सुरू केली. वजन वाढेल अशी त्यांना धास्ती होती. ते वाढलं नाही.

आधी फक्त पाणी

पहिले दोन आठवडे एकही जेल नाही. धावताना पोटात पाणी ठेवायची सवय लावायची एवढंच काम. त्यासाठी घाम किती जातो ते मोजून घेतलं: धावण्याआधी वजन 58.4 किलो, सव्वा तासाने घाम पुसून वजन 57.6, मध्ये प्यायलेलं पाणी 400 मिलिलिटर. म्हणजे सव्वा तासात 1.2 लिटर, तासाला जवळपास एक लिटर घाम. ठाण्यातल्या ऑक्टोबरच्या दमटपणात हे अपेक्षितच. सगळा घाम भरून काढायचा नाही, तसा प्रयत्न धोकादायकही ठरतो. ताशी 500 ते 600 मिलिलिटर एवढंच लक्ष्य ठेवलं.

पूर्वी ताई तहान लागली की एकदम अर्धी बाटली रिकामी करायच्या आणि मग पोट डुचमळतं म्हणून पुढचा तासभर काहीच घ्यायच्या नाहीत. आता घड्याळाचा गजर लावून दर पंधरा-वीस मिनिटांनी दीडशे मिलिलिटर. पहिल्या दोन-तीन वेळी त्यांना जड वाटलं, पण महिनाअखेर तो जडपणा गेला होता. पाणी पुढे सरकण्याचा वेग फारसा वाढला नाही तरी भरलेल्या पोटाने धावणं सवयीने सुसह्य होतं.

मग साखर, पण आधी बाटलीतून

तिसऱ्या आठवड्यापासून ताशी 30 ग्रॅम. हे आम्ही जेलने नाही, घरी केलेल्या पेयाने सुरू केलं, कारण त्यात दाटपणा आपल्या हातात राहतो. अर्धा लिटर पाण्यात 25 ग्रॅम साधी साखर, 10 ग्रॅम ग्लुकोज पावडर, पाऊण ग्रॅम मीठ आणि चवीपुरतं लिंबू. साखरेचे निम्मे ग्लुकोज आणि निम्मे फ्रुक्टोज होतात, त्यामुळे दोन्ही दारांना काम मिळतं आणि द्रावण 7 टक्क्यांचं बनतं. साखर चमच्याने अंदाजे घालू नका, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरा. एका चहाच्या चमच्याची शीग किती मोठी असते ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

हे पेय आठवड्यातून दोनदा: एकदा मधल्या दिवशीच्या तासाभराच्या धावेत आणि एकदा रविवारी. प्रत्येक धावेनंतर ताई वहीत चार गोष्टी लिहायच्या. त्रास किती, शून्य ते दहा. कुठे, छातीखाली की बेंबीखाली. कितव्या मिनिटाला. आणि आधीच्या बारा तासांत काय खाल्लं. माझ्या मते या चार रकान्यांशिवाय पोटाचं प्रशिक्षण म्हणजे अंधारात चाचपडणं.

"कुठे" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ढेकर, डुचमळणं, मळमळ, आंबट वर येणं हे जठराचं दुखणं आहे: घेतलेलं पुढे सरकत नाही. कारण बहुधा दाटपणा, एकदम घेतलेला मोठा घोट किंवा वेग. बेंबीखाली कळा, वायू आणि घाईची शौच हे आतड्याचं दुखणं आहे: न शोषलेलं काहीतरी मोठ्या आतड्यात पोचलं आणि तिथे आंबलं. तिथे बहुधा तंतू, जास्तीचं फ्रुक्टोज किंवा न पचलेलं दूध असतं. उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी जागा ठरवायची.

रविवारचं कोडं

पाचव्या आठवड्यात जेल सुरू केलं. आधी अर्धं, वीस मिनिटांनी उरलेलं अर्धं, प्रत्येक वेळी शंभर मिलिलिटर साधं पाणी. ताशी एकूण 45 ग्रॅम. मधल्या दिवशी काहीच त्रास नाही. रविवारी मात्र 16 किलोमीटरनंतर बेंबीखाली कळा, त्रास दहापैकी सहा. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. ताई म्हणाल्या, "बघा मॅडम, मी म्हटलं होतं ना, जेलच."

पण जेल तेच, पाणी तेच, वेगही जवळपास तोच. मधल्या दिवशीची धाव तासाभराची आणि रविवारची अडीच तासांची, हा फरक खरा. तरी कळा बेंबीखाली होत्या म्हणून मी वहीतला चौथा रकाना पाहिला. दोन्ही रविवारी एकच नोंद: "ग्रुपमध्ये खजूर-अंजिराचे लाडू, तीन." कुणीतरी प्रेमाने घरून करून आणतं, धावायच्या आधी वाटतं, आणि नैसर्गिक ऊर्जा म्हणून सगळे खातात. लाडू उत्तमच आहेत, पण त्यांत तंतू भरपूर आणि फ्रुक्टोजही बरंच. धावण्याच्या अर्ध्या तास आधी तीन लाडू म्हणजे आतड्यात आधीच काम साठलेलं, आणि वर जेलमधल्या फ्रुक्टोजची भर.

संशय आला म्हणजे सिद्ध झालं असं नाही. पुढच्या रविवारी लाडू नाही, फक्त दोन केळी, जेल तसंच चालू: त्रास एक. त्यानंतरच्या रविवारी मुद्दाम लाडू खाल्ले, जेल अजिबात नाही, फक्त पाणी: 15व्या किलोमीटरला कळा. जेलवरचा आरोप इथे संपला. लाडू आता धावून आल्यावर खातात.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम किती महत्त्वाचा आहे ते यातून दिसतं. त्यांनी जेलचा ब्रँड, लाडू आणि पेय एकदम बदललं असतं तर त्रास थांबला असता कदाचित, पण कशामुळे ते कधीच कळलं नसतं.

वेग आणि ऊन

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आरामाच्या वेगात ताशी 60 ग्रॅम निभत होते. मग 24 किलोमीटरच्या धावेत शेवटचे आठ किलोमीटर शर्यतीच्या वेगाने, म्हणजे किलोमीटरला 6 मिनिटं 45 सेकंद, धावायला सांगितले आणि मळमळ परतली. या वेळी जागा छातीखाली. वेग वाढला की आतड्यांचं रक्त आणखी घटतं, जठर मंदावतं. आरामात चालणारी मात्रा शर्यतीच्या वेगात चालेलच असं नाही, म्हणून प्रशिक्षण त्याच वेगात पूर्ण करावं लागतं.

आम्ही मात्रा 45 वर आणली, शर्यतीच्या वेगात तीन धावा केल्या आणि मग परत 60. तिसऱ्या धावेत त्रास दोनपर्यंत उतरला. उष्णतेसाठीही एक धाव राखली होती. मुंबईत पूर्ण मॅरेथॉन पहाटे 5 वाजता सुटते, पण पावणेपाच तास लागणारा धावपटू संपवेपर्यंत ऊन चांगलंच चढलेलं असतं. म्हणून एक लांब धाव मुद्दाम सकाळी सातला सुरू केली. अंग तापलं की पोटाच्या तक्रारी वाढतात. त्या दिवशी ताईंना कळलं की उन्हात त्यांना घट्ट, गोड जेल तोंडात धरवत नाही. शेवटच्या तासासाठी कमी गोड, पातळ जेल निवडलं. तेही आधी दोन धावांत वापरून पाहिलं.

75 ग्रॅमपर्यंत जाऊन बघू का, असं ताईंनी विचारलं. आम्ही एकदा पाहिलं, ढेकर आणि जडपणा आला, सोडून दिलं. त्यांच्या वेगाला 60 पुरेसे आहेत. 90 चा आकडा वेगवान धावपटूंच्या चर्चेतून येतो आणि पहिल्या-दुसऱ्या मॅरेथॉनला त्याची गरज क्वचितच असते.

शर्यतीचा दिवस

दोन दिवस आधीपासून कोशिंबीर, उसळी, राजमा, पालेभाज्या बंद. आदल्या रात्री मऊ वरण-भात, थोडं तूप, वेळ साडेसात. पहाटे तीनला जॅम लावलेले तीन ब्रेड आणि एक केळं, चहा बिनदुधाचा. दूध त्यांना एरवी चालतं, पण पळताना त्याची गरज नाही.

पहिल्या पंधरा मिनिटांनी घरच्या पेयाचे शंभर मिलिलिटर. अर्ध्या तासाला पहिलं जेल, दोनशे मिलिलिटर साध्या पाण्याबरोबर, चालत. पाऊण तासाला पुन्हा पेय, तासाला जेल, असा क्रम शेवटपर्यंत. ताशी दोन जेलचे 46 ग्रॅम आणि पेयाचे 14, मिळून 60 ग्रॅम, आणि पाणी 600 मिलिलिटर. एकूण मिश्रण 10 टक्क्यांचं, म्हणजे नेहमीच्या शिफारशीपेक्षा थोडं दाटच. सवय नसलेल्या पोटाला हे झेपलं नसतं. पेयाची दुसरी बाटली घेऊन त्यांचे यजमान वरळीला उभे होते. टेबलावरच्या एनर्जी ड्रिंकला हात लावायचा नाही, कारण त्याचा सराव झालेला नव्हता.

29व्या किलोमीटरला मळमळ सुरू झाली. त्यासाठी काय करायचं ते आधीच लिहून दंडावर चिकटवलं होतं: एक किलोमीटर वेग तीस सेकंदांनी कमी, एक जेल वगळायचं, साध्या पाण्याचे छोटे घोट, डोक्यावर पाणी. मळमळ गेल्यावर अर्धं जेल आणि मग परत क्रम. पंधरा मिनिटांत ती ओसरली. परतीच्या पेडर रोडच्या चढणीवर काहीही घ्यायचं नाही असं ठरलं होतं, तिथे श्वासच इतका लागतो की गिळणं जड जातं, म्हणून जेल चढणीच्या पायथ्याशी घेतलं. वेळ लागला 4 तास 52 मिनिटं. लक्ष्यापेक्षा सात मिनिटं जास्त, पण शौचालय एकदाही नाही, उलटी नाही. वहीत त्रास: तीन.

कुणाला हे असंच करून चालणार नाही

मधुमेह असेल, विशेषतः इन्सुलिन चालू असेल, तर धावताना साखर किती घ्यायची हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. ग्लूटेनचा किंवा दुधाचा त्रास, वारंवार बिघडणारं पोट, यांचं निदान आधी करून घ्या, सरावाने ते आजार जात नाहीत. शौचातून रक्त पडलं तर धावणं थांबवून तपासणी करून घ्यायची. आणि लांब धावेनंतर वजन आधीपेक्षा वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालंय हे पक्कं समजा. रक्तातलं सोडियम त्यामुळे घसरतं, डोकं दुखतं, मळमळतं, हातांची बोटं सुजतात. ही मळमळ जेलची समजून वर आणखी पाणी पिणं हे फार धोक्याचं आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ताईंनी विश्रांती घेतली, लांब धाव नाही, जेल नाही. पोटाची सवयही पायांच्या ताकदीसारखी उतरते. एप्रिलमध्ये पुन्हा सुरुवात करताना त्यांनी थेट 60 पासून करू का विचारलं. मी 30 पासून सांगितलं आहे, पण या वेळी प्रत्येक पायरीला दोनऐवजी एक आठवडा. पहिली धाव झाल्यावर वहीचं पान त्यांनी पाठवलं. त्रास शून्य, खाल्लं काय या रकान्यात दोन केळी.